संकष्टीची रात्र: चंद्रोदयानंतरचं जेवण, मोडलेली झोप आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा

उपवासाने झोप लागत नाही असं सगळेच म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. संकष्टीला बहुतेकांची झोप उपवास बिघडवत नाही, उपवास सोडणं बिघडवतं, आणि त्याच्या जोडीला दिवसभर रिकाम्या पोटी ढोसलेला चहा. माझं रत्नागिरीच्या बाजूला छोटं मेडिकल आहे, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की अ‍ॅसिडिटीची गोळी द्या, डोकं दुखतंय काहीतरी द्या, अंग जड झालंय अशी गिऱ्हाइकं हमखास येतात, आणि आदल्या दिवशी काय खाल्लं, कधी खाल्लं असं विचारलं की उत्तर साधारण एकच असतं. म्हणून इथे एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र सगळं एकत्र न घेता मुख्यतः संकष्टीचंच बघू. दिवसभराचा उपवास, रात्री उशिराचं जड जेवण आणि लगेच झोप हे तिन्ही त्या एका दिवसात येतं.

आधी वेळेचं गणित

कृष्ण चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर बऱ्याच उशिराने उगवतो. महिन्याप्रमाणे ती वेळ बदलते, आपल्याकडे साधारण साडेआठ ते साडेदहाच्या मधे कुठेतरी, शरदात लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा. त्यात आपण पश्चिमेला, म्हणजे नागपूरवाल्यांचा चंद्र आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं आधी उगवतो. पावसाळ्यात तर चंद्र दिसायचा प्रश्नच नसतो, कॅलेंडरवर बघायचं आणि ताट वाढायचं. चंद्रोदय पावणेदहाला असेल तर आरती, नैवेद्य, घरातल्यांची पानं मांडणं यात सव्वादहा होतात, जेवण आटोपून भांडी घासून आडवं व्हायला सव्वाअकरा, आणि सकाळी एसटी पकडायची असेल तर गजर सव्वापाचचा. म्हणजे सगळं नीट झालं तरी झोपेला मिळतात सहा तास. त्यातले दोन तास छातीतल्या जळजळीत गेले तर दुसऱ्या दिवशी काय उरणार.

त्यामुळे पहिली स्टेप म्हणजे संकष्टीच्या सकाळीच चंद्रोदयाची वेळ बघून ठेवा, आपल्या गावाची किंवा जवळच्या शहराची, पुण्या-मुंबईची नको. वेळ नऊच्या आधीची असेल तर फार काही बदलायची गरज नाही, नेहमीपेक्षा थोडं कमी जेवा आणि झोपायच्या आधी दोन तास मिळतायत का ते बघा. साडेनऊच्या पुढची असेल तर दिवसाचं खाणं वेगळं लावावं लागतं, खालचं सगळं त्या रात्रींसाठी आहे.

शरीरात होतं काय

भुकेने झोप उडते हे खरं आहे आणि त्याला कारणही आहे. मेंदूत ऑरेक्सिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात, १९९८ साली दोन वेगवेगळ्या टीमनी ते शोधून काढलं. माणसाला जागं ठेवणं हे त्याचं मुख्य काम, आणि पोट रिकामं असलं, रक्तातली साखर खाली सरकली की त्या पेशी जास्तच कामाला लागतात. उपाशी प्राण्याने झोपून राहण्यापेक्षा उठून खायला शोधावं अशीच ती सोय आहे. म्हणून भुकेल्या रात्री डोळे टक्क उघडे राहतात, पाय गार पडतात, डोक्यात उगाच विचार चालू राहतात, पण पोटात जडपणा अजिबात नसतो. आणखी एक गोष्ट, भूक सलग वाढत जात नाही, ती रोजच्या जेवणाच्या वेळेला उसळते आणि काही खाल्लं नाही तरी तासाभराने बऱ्यापैकी ओसरते. त्यामुळेच आठला जीव जातोय की काय वाटणारा माणूस साडेनऊला चक्क गप्पा मारत बसलेला असतो.

उशिराच्या जेवणाची तऱ्हा वेगळी. अन्ननलिका जिथे पोटात उतरते तिथे एक झडप असते, बसलेलं किंवा उभं असताना तिला वजनाची मदत होते, आडवं झालं की ती मदत संपते. पोट भरलेलं असेल तर आंबट पाणी वर येतं. तूप आणि नारळ दोन्ही स्निग्ध, स्निग्ध अन्न पोटातून हळू पुढे सरकतं, म्हणजे मोदकांवर तुपाची धार धरून जेवलात तर ते पोट चार तासांतही पूर्ण रिकामं होईलच असं नाही. आणि गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात असते, साडेअकराला झोपणाऱ्याची ती साधारण दीड-दोनपर्यंत, नेमकी तेव्हाच पोटात गिरणी चालू असते. म्हणून सहा तास पडून राहूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतं.

मात्र उशिरा जेवलं की प्रत्येकाची झोप खराब होतेच असं नाही हेही सांगितलं पाहिजे. २०२० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांचा एक अभ्यास आला होता, २० निरोगी माणसांना एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला तेच जेवण दिलं, झोपायची वेळ दोन्हीकडे अकराची. दहाच्या जेवणानंतर रक्तातली साखर जास्त चढली, चरबी कमी जळली, पण झोपेत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे तरुण, निरोगी, अ‍ॅसिडिटी नसलेल्या माणसाने दहाला बेताचं जेवून झोपलं तर तो ढाराढूर झोपू शकतो. आपली अडचण घड्याळापेक्षा ताटाची आहे. दिवसभर उपाशी राहून मग पाच मोदक, वरण-भात, वालाची उसळ आणि वर दोन वाट्या सोलकढी, हे बेताचं जेवण नव्हे.

तुमची झोप नक्की कशाने मोडते ते ओळखा

पुढच्या संकष्टीला एवढंच लक्षात ठेवा की जाग कधी आली आणि तेव्हा कसं वाटत होतं.

झोपच लागत नाही, पोट हलकं, डोकं तल्लख, तर ती भूक तरी असेल नाहीतर चहा. यातला फरक काढायला अर्धा कप कोमट दूध किंवा एक केळं खाऊन बघा. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत डोळे जड झाले तर भूक होती, तरीही टकटकीत जागे असाल तर दुपारनंतरचा चहा मोजा.

झोप लागली पण तास-दोन तासांत जाग आली, छातीत जळजळ, घशाशी आंबट, उठून बसलं की बरं वाटतं, तर ते जेवण. कोरडा खोकला येऊन जाग येणं हेही पुष्कळदा त्यातलंच असतं, लोक कफाचं औषध मागतात.

तीन-चारला तोंड कोरडं पडून जाग, सकाळी डोकं ठणकतंय, लघवी गडद पिवळी, तर पाणी कमी पडलंय. आपल्या दमट हवेत घाम येतो आणि वाळत नाही त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही, एप्रिल-मेच्या संकष्टीला हे फार होतं. निर्जळी करणाऱ्यांचं तर विचारूच नका.

दिवस कसा लावायचा

चहापासून सुरू करू कारण तिथेच सगळ्यात मोठी गडबड आहे. उपवासाला चहा चालतो म्हणून एरवी दोन कप पिणारा माणूस त्या दिवशी पाच-सहा कप पितो, भूक मारायला. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त, म्हणजे सहाच्या चहाचा बराच भाग अकराला अंगात शिल्लक. शेवटचा चहा दुपारी दोनला, त्यानंतर नाही. पण रोज चार कप पिणाऱ्याने संकष्टीला एकदम बंद केला तर दुपारी डोकं दुखायला लागेल आणि खापर उपवासावर फुटेल, म्हणून सकाळचे नेहमीचे कप तसेच ठेवा, फक्त संध्याकाळचे काढा.

पाणी सकाळपासून घोटघोट चालू ठेवा. दुपारी एक शहाळं किंवा मीठ-जिरं घातलेलं ताक, उपवासाला तुमच्याकडे सैंधव चालत असेल तर ते. मात्र रात्री साडेनऊला आठवण झाली म्हणून तांब्याभर पाणी एकदम पिऊ नका, मग रात्रभर फेऱ्या.

आता मुख्य मुद्दा. दिवसाचं मोठं खाणं चंद्रोदयानंतर न ठेवता संध्याकाळी साडेपाच-सहाला फराळ म्हणून घ्या. बहुतेक घरांत दुपारी एकला साबुदाण्याची खिचडी होते आणि मग रात्री दहापर्यंत फक्त चहा, म्हणजे मधे नऊ तासांचा खड्डा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, भरभर पचतो, चार वाजेपर्यंत परत भूक. त्यापेक्षा दुपारी हलकं काहीतरी, एखादं केळं, उकडलेलं रताळं, ताक, आणि सहाला वाटीभर वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, सोबत दही. दाण्याच्या आमटीत प्रोटीन आणि तेल असल्याने ती टिकते, रात्री पानावर बसताना तुटून पडावंसं वाटत नाही. खिचडीच हवी असेल तर ती सहाला करा आणि दाण्याचं कूट सढळ हाताने घाला. बटाट्याचे वेफर, तळलेल्या साबुदाणा पापड्या, फराळी चिवडा वगैरे या वेळेला नको, मिठाने तहान लागते आणि तेल आधीच पोटात जाऊन बसतं.

यावर कुणीतरी म्हणणारच की एकादशी अन् दुप्पट खाशी तसलंच झालं हे. तसं होऊ नये म्हणूनच दुपारचं कमी करून संध्याकाळी घ्यायचं, दोन्हीकडे नाही.

चंद्रोदयाला आधी अर्धा पेला पाणी, मग पाच मिनिटांनी पान. नैवेद्याचे मोदक दोन, वरण-भात लहान वाटीभर, एखादी पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर. वालाचं बिरडं त्या रात्री करू नका, चविष्ट आहे हे कबूल, पण रात्री दहाला वाल म्हणजे पहाटेपर्यंत गॅस, ते दुसऱ्या दिवशी दुपारी करा. सोलकढीने जेवण पचतं असं आपण सगळे मानतो, दुपारच्या जेवणाला मला तिच्याशिवाय चालत नाही, पण ज्याला रात्री जळजळ होते त्याच्यासाठी आगळाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध दोन्ही त्रासाचंच आहे, तेव्हा त्या रात्री एकदा वगळून बघा, फरक पडला नाही तर पुढच्या वेळी प्या.

जेवणानंतर आडवं व्हायच्या आधी निदान दोन तास जावेत असं डॉक्टर सांगतात, अ‍ॅसिडिटीवाल्यांना तीन. संकष्टीला ते शक्य नसतं हे उघड आहे. म्हणून तर पान लहान करायचं. जो तासभर मिळतो तो बसून किंवा अंगणात फेऱ्या मारून काढा, आणि मग डाव्या कुशीवर झोपा, डाव्या कुशीवर पोट अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं त्यामुळे आंबट वर यायला अवघड जातं. दोन-तीन उशा डोक्याखाली घेऊ नका, त्याने मान मोडते आणि पोट दाबलं जातं. नेहमीच त्रास असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली जांभ्या दगडाचे किंवा लाकडाचे ठोकळे घालून ती बाजू अर्धा फूट उचला, हा उपाय कामाचा आहे आणि एकदाच करायचा आहे.

गोळीवरून आठवलं. पॅन्टोप्रॅझोल वगैरे गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर रात्री एकला घेऊन तेव्हा उपयोग नाही, त्या जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायच्या असतात. लगेच आराम पाहिजे तर चघळायची किंवा पातळ अँटासिड. आणि दर संकष्टीला गोळी लागतेच असं असेल तर दुकानात येण्याआधी डॉक्टरकडे जा.

आमच्या वहिनींचं उदाहरण

वहिनी नोकरीला आहेत, सकाळी पावणेसातची एसटी. त्यांची संकष्टी वर्षानुवर्षं अशी: सकाळी चहा, अकराला चहा, एकला खिचडीची भरली डिश, चारला चहा, साडेसहाला दिवाबत्ती झाली की परत चहा. चंद्रोदय नऊ-पन्नासचा. सव्वादहाला पान, पाच मोदक तुपासकट, वरण-भात, वाल, सोलकढी. सगळ्यांचं आवरून, कढई-मोदकपात्र घासून सव्वाअकराला अंथरुणावर. पाऊण वाजता छातीत आग म्हणून जाग, पाणी पिऊन बसून राहायचं, दीडला परत झोप, तीनला बाथरूमसाठी जाग, मग गजरापर्यंत नुसतं कूस बदलणं. ऑफिसात अकरा वाजता फायलीवर डोकं टेकायची वेळ. त्या म्हणायच्या उपवास झेपत नाही आता, वय झालं.

त्यांना सांगितलं की दोनदा जाग येण्याची कारणं वेगवेगळी आहेत. पाऊणची जाग ताटामुळे, आणि तीननंतर झोप न लागणं बहुतेक साडेसहाच्या चहामुळे. चारचा आणि साडेसहाचा चहा काढला, सहाला वरीचे तांदूळ आणि आमटी घेतली, एकची खिचडी जाऊन तिथे रताळं आणि ताक आलं. पाच मोदकांचे दोन करायला मात्र कुरकुर झाली. "भावोजी, सोडायच्या दिवशी मोदक उरवायचे म्हणजे काय, बरं दिसतं का ते?" मग ठरलं असं की उरलेले तीन ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सकाळी मोदकपात्रात पाच मिनिटं वाफ देऊन न्याहारीला खायचे, तसेही ते गार झाले की पारी कडक होते, वाफवल्यावर परत मऊ होतात. भांडी पाणी घालून सकाळवर ठेवली, म्हणजे दादावर, हा बदल सगळ्यात अवघड होता.

त्या रात्री साडेअकराला झोपल्या, एकदा जाग आली चारच्या सुमारास, पाणी प्यायल्या, परत झोप लागली. जळजळ नाही. पण झोप शेवटी पावणेसहा तासांचीच झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पेंग आलीच, कारण कमी झालेले तास ताट बदलून परत मिळत नाहीत. अकराला डोकं टेकण्याऐवजी दोन-अडीचला जांभया, फरक एवढाच. आदल्या रात्री, म्हणजे तृतीयेला, साडेनऊला झोपून घेतलं तर तो फरक आणखी कमी होतो, ते त्यांना टीव्हीमुळे जमत नाही.

एकादशीला उलटं असतं

एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते, त्यामुळे रात्री जडपणा नसतो, भूक असते. इथे चूक होते ती म्हणजे रात्री फक्त लिंबू-साखरेचं पाणी किंवा दोन पेढे घेऊन झोपायचं, गोड भरभर उतरतं आणि बाराला डोळे उघडे. झोपायच्या तासभर आधी कपभर दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा एक राजगिऱ्याचा लाडू पुरतो. पोट भरायला नको, फक्त भूक शांत व्हायला हवी. रात्री भुकेने जाग आलीच तर मोठा दिवा, मोबाईल न लावता अर्धा कप दूध प्या आणि परत पडा, स्वयंपाकघरात उभं राहून डबे उघडायला लागलात की झोप गेली.

डायबेटिसवाल्यांनी वरचं वाचून सुरू करू नका

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांसाठी हा नुसता झोपेचा विषय नाही. सकाळची गोळी घेतली आणि दिवसभर चहावर राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि इन्सुलिनवाल्यांना ती झोपेतही जाते. रात्री घामाने उशी भिजणं, विचित्र स्वप्नं, सकाळी उठल्यावर गोंधळल्यासारखं वाटणं आणि डोकं दुखणं ही त्याची चिन्हं. मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला तर उपवास बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी खालीच असेल तर परत साखर, आणि आकडा वर आला की काहीतरी खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी, पण डोस आणि वेळ संकष्टीच्या आधीच डॉक्टरला विचारून घ्यायची, दुकानदाराला नाही, मी सुद्धा हेच सांगतो. गरोदर बायका आणि पाणी काढणारी बीपीची गोळी घेणारे, यांनी निर्जळी करूच नये.

दुसरा दिवस

सकाळी उठल्यावर आधी पाणी, मग चहा. न्याहारी टाळू नका, रात्री उशिरा खाल्लं म्हणून भूक नसते पण अकराला मग बिस्किटं सुरू होतात. मोदक, किंवा घावणे-चटणी, किंवा उकडलेलं अंडं, घरात जे चालत असेल ते. दुपारी जमलं तर वीस मिनिटं डुलकी, तीनच्या आधी, गजर लावून, तासभर झोपलात तर उठल्यावर आणखी जड वाटेल आणि त्या रात्रीची झोपही पुढे जाईल. संध्याकाळी नेहमीपेक्षा अर्धा-एक तास लवकर झोपा.

आणि अंगारकीला गणपतीपुळ्याला येऊन, चंद्रोदयानंतर जेवून, रात्रीच गाडी काढून आंबा घाटातून कोल्हापूरला किंवा हायवेने मुंबईला निघणारे बरेच असतात. दिवसभर उपास, दहाला भरपेट आणि मग रात्री दोन ते पाच ड्रायव्हिंग, ती झोपेची सगळ्यात जड वेळ, घाटात त्यावेळी डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. चालवणाऱ्याने तरी सहालाच फराळ करून घ्यावा आणि रात्री मुक्काम करून सकाळी निघावं, खोली मिळाली नाही तर गाडीत सीट मागे करून झोपून घ्यावं.